लिंबाची नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या. नर्सरीवाल्या काकांना मेसेज नीट कसा लिहू?

केतकी_घोडबंदर | 11 सप्टेंबर, रात्री 10:52

जूनमध्ये घराजवळच्या नर्सरीतून कागदी लिंबाचं कलम आणलं, साधारण दोन फूट उंच, तीन-चार लिंबं लागलेली होती म्हणून तर मोहात पडले. जुलैभर झकास होतं आणि ऑगस्टपासून पिवळं पडायला लागलं. नर्सरीवाल्या काकांना व्हॉट्सॲप केलं, "काका लिंबाचं झाड पिवळं पडतंय काय करू". दोन तासांनी उत्तर आलं, "खत टाका". दोन मुठी गांडूळखत टाकलं, आठ दिवसांत आणखी वाईट. मग रात्री फोटो काढून पाठवला तर म्हणाले "पाणी कमी करा". आता पाणी कमी म्हणजे किती कमी, बाहेर पाऊस पडतोय तो मी थांबवू का!

काका माणूस चांगला आहे, झाडांतलं कळतं त्यांना, पण शनिवार-रविवारी तिथे एवढी गर्दी असते की उभं राहून बोलायला मिळत नाही, त्यामुळे मेसेजच करावा लागतो. मला वाटतं मीच नीट सांगत नाहीये. काय काय लिहिलं म्हणजे त्यांना अंदाज येईल? आणि तुम्हाला काय वाटतं काय झालं असेल?

---

टेरेसवाला_ढोकाळी | 11 सप्टेंबर, रात्री 11:10

पिवळं पान हिरव्या शिरा म्हणजे मॅग्नेशियम. एप्सम सॉल्ट आणा, एक चमचा एक लिटर पाण्यात, झाडाला घाला आणि थोडं पानांवर मारा. माझ्या टोमॅटोला सेम झालं होतं, पंधरा दिवसांत ओके. काकांना कशाला त्रास देताय.

---

प्रज्ञा_ऐरोली | 11 सप्टेंबर, रात्री 11:34

अगं माझ्या जास्वंदीला पण हेच चाललंय, देठाजवळ पांढरा कापूस कापूस झालाय आणि कळ्या गळतात, मुंग्या पण फिरतात वर. मी निंबोळी तेल मारून थकले. तुझ्या झाडावर कापूस आहे का?

---

केतकी_घोडबंदर | 11 सप्टेंबर, रात्री 11:41

नाही प्रज्ञाताई कापूस नाहीये, तुमचं ते मिलीबग असेल, वेगळा धागा काढा ना, मलाही वाचायचंय. माझ्याकडे पानं फक्त पिवळी.

---

वनमाला_नेरूळ | 12 सप्टेंबर, सकाळी 7:15

केतकी, मी बरीच वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होते, आता घरीच कुंड्यांशी खेळते. लोक यायचे आणि "पीक पिवळं पडलंय" एवढंच सांगायचे, मग आम्ही पहिला प्रश्न विचारायचो की कुठलं पान? शेंड्याचं की बुडाचं? बाकीचं सगळं नंतर.

टेरेसवाला म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. मॅग्नेशियम कमी पडलं तरी पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसतं, पण ते जुन्या पानांत. झाड जुन्या पानातलं मॅग्नेशियम काढून नव्या पानाला देतं, म्हणून खालची पानं आधी जातात आणि लिंबात तर पानाच्या देठाकडे उलट्या व्हीसारखा हिरवा तुकडा तेवढा शिल्लक राहतो. लोहाचं उलट, ते एकदा पानात बसलं की हलत नाही, त्यामुळे तुटवडा पडला की जुनी पानं हिरवीगार आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी, त्यात हिरव्या शिरांची जाळी. तुमच्या शीर्षकात "नवीन पानं" आहे पण काकांना केलेल्या मेसेजमध्ये तो शब्दच नाही. त्यांनी सरासरी उत्तर दिलं.

आता सांगा:
शेंड्याची पानं का बुडाची? पान मधल्या शिरेवर दुमडून बघा, दोन्ही अर्ध्या भागांवर पिवळेपणा सारखा आहे का एकीकडे डाग आणि दुसरीकडे नाही? दुपारी झाड मलूल होतं का, आणि तेव्हा माती ओली असते का कोरडी? आणि आणल्यावर कुंडी बदललीत तेव्हा पिशवीतल्या मातीच्या गोळ्याचं काय केलंत?

---

केतकी_घोडबंदर | 12 सप्टेंबर, सकाळी 9:02

वाह, हे कोणी विचारलंच नव्हतं. लोकलमधून उतरून ऑफिसला पोचेपर्यंत आठवून लिहितेय.

शेंड्याची पानंच पिवळी. खालची जुनी पानं गडद हिरवी, फक्त तीन-चार गळली. दुमडून बघितलं निघायच्या आधी, दोन्ही बाजू अगदी सारख्या. दुपारी मलूल होतं, हो! मला वाटायचं तहान लागली म्हणून मी अजून पाणी घालायचे, आणि माती तर बोट घातलं तर ओली. पिशवी कापली आणि गोळा जसाच्या तसा 14 इंची प्लास्टिकच्या कुंडीत ठेवला, भोवती कोकोपीट आणि गांडूळखत आणि थोडी माती. मुळं दुखावू नयेत म्हणून गोळ्याला हात लावला नाही, यूट्यूबवर तसंच सांगतात.

आणि एक गोष्ट आहे जी सांगायला लाज वाटते, कुंडीखाली थाळी आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर माझ्या कुंडीचं पाणी पडलं, त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट तमाशा झाला म्हणून थाळी ठेवली. ती सतत भरलेली असते, पाऊस आत येतो ना.

---

बेलापूरचा_बाब्या | 12 सप्टेंबर, सकाळी 9:40

नर्सरीवाले असेच असतात हो, लिंबं लागलेली झाडं दाखवून विकायची, आतून कसली माती भरलेली असते देवाला ठाऊक. मी तीन झाडं आणली तिन्ही मेली.

---

वनमाला_नेरूळ | 12 सप्टेंबर, सकाळी 10:25

बाब्या, तिन्ही मेली तर एकदा आपल्या पाण्याकडे पण बघा म्हणते मी, राग मानू नका.

केतकी, दुपारी मलूल आणि माती ओली ही जोडी महत्त्वाची आहे. ओल्या मातीत हवा राहत नाही, मूळ गुदमरतं, मग पाणी समोर असूनही ओढू शकत नाही. लोहाचंही तसंच, मातीत असेल पण मूळ आजारी तर वर जाणार कसं. म्हणून "लोह कमी आहे, लोह द्या" हा निष्कर्ष लगेच काढू नका, लोह कमी दिसतंय हे खरं, पण का कमी दिसतंय ते मुळाशी आहे.

पिशवीच्या गोळ्याबद्दल सांगते. नर्सरीतल्या पिशवीत बहुतेक वेळा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो, झाड ट्रकमधून हलताना मोकळं होऊ नये म्हणून. तो तसाच कोकोपीटमध्ये ठेवला की दोन वेगळ्या माती शेजारी शेजारी राहतात. उन्हाळ्यात पाणी बाहेरच्या मऊ मातीतून खाली जातं आणि आतला गोळा कोरडा, पावसाळ्यात मात्र तो गोळा एकदा भिजला की आठ-आठ दिवस वाळत नाही, त्यात थाळी. वरून बोट घालून तुम्हाला फक्त कोकोपीटची हालत कळते, गोळ्याची नाही.

---

टेरेसवाला_ढोकाळी | 12 सप्टेंबर, सकाळी 11:05

ओके शेंड्याची पानं असं नीट वाचलं नव्हतं, मान्य. मग हिराकस द्या ना, खत दुकानात मिळतं, हिरव्या खड्यांसारखं. मॅग्नेशियम नाही तर लोह. आणि टँकरचं पाणी आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे बोअरवेल आणि टँकर मिक्स येतं, टीडीएस 600 दाखवतं, त्यानेही पानं पिवळी होतात असं ऐकलंय.

---

वनमाला_नेरूळ | 12 सप्टेंबर, दुपारी 1:30

पाण्याचा मुद्दा चांगला काढलात. मला बोअरचा अनुभव नाही, आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं. पण टीडीएस मीटर एकूण किती विरघळलंय तेवढंच सांगतो, त्यात चुनखडी किती ते नाही सांगत. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय आलीय का बघा, त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, बुडबुडे आले तर ती चुनखडी. अशा मातीचा पीएच वर सरकतो आणि लोह मातीतच अडकून बसतं. त्या मातीत हिराकस घातलं तरी तेही लवकरच अडकतं, म्हणून आधी ओतू नका.

शंका असेल तर एक प्रयोग करा. चिलेटेड लोह मिळतं, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, संध्याकाळी एकाच फांदीवर मारा, बाकी झाड तसंच ठेवा. आठ-दहा दिवसांत त्या फांदीची पानं ठिपक्या-ठिपक्यांनी हिरवी झाली तर तुटवडा लोहाचाच. मात्र कारण मूळ की पाणी ते त्यातून नाही कळणार.

---

खारघरकर_नंदू | 12 सप्टेंबर, दुपारी 2:18

माझं लिंबू चार वर्षांचं आहे पण एकही फळ नाही, खत पण घालतो. तुमच्याला लगेच फळं लागली म्हणजे कलम असणार. काकांना माझ्याकडून विचाराल का की बी पासून केलेल्याला किती वर्षं लागतात?

---

केतकी_घोडबंदर | 12 सप्टेंबर, रात्री 9:48

नंदूदादा विचारते पण माझा प्रश्न आधी जाऊ दे हो!

हा मेसेज लिहिलाय काकांसाठी, पाठवायच्या आधी बघा बरं कोणी, काही जास्तीचं आहे का:

"नमस्कार काका, मी केतकी. 14 जूनला तुमच्याकडून कागदी लिंबाचं कलम नेलं होतं, दोन फुटी, 3-4 फळं होती. घरी आल्यावर त्याच दिवशी पिशवी कापून 14 इंची प्लास्टिक कुंडीत लावलं, पिशवीतला गोळा फोडला नव्हता. बाहेरून कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी माती. बाल्कनी पश्चिमेकडे, दुपारी एकनंतर ऊन. जुलैभर चांगलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून फक्त शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या राहतात, दोन्ही अर्धे सारखेच. जुनी पानं हिरवी आहेत. दुपारी पानं लोंबतात आणि माती ओली असते. कुंडीखाली थाळी आहे आणि पावसात ती भरलेली राहते. ऑगस्टअखेर दोन मुठी गांडूळखत टाकलं, त्यानंतर आणखी बिघडलं. पानांखाली बघितलं, कीड दिसली नाही, जून-जुलैच्या काही पानांवर नागमोडी पांढऱ्या रेषा आहेत पण नवीन पानांवर नाहीत. फळं एक सोडून सगळी गळली. फोटो पाठवते: झाड पूर्ण, शेंडा, एक पिवळं आणि एक जुनं पान पांढऱ्या कागदावर दोन्ही बाजूंनी, आणि कुंडीचं बूड. काय झालं असेल आणि मी कुंडीतून काढून मुळं बघू का? हा सीझन आहे का काढायचा?"

फोटो सकाळी सावलीत काढले आहेत, ट्यूबलाइटखाली सगळंच पिवळं दिसतं ते आत्ता लक्षात आलं.

---

वनमाला_नेरूळ | 12 सप्टेंबर, रात्री 10:20

चांगलं लिहिलंय. नागमोडी रेषांचा उल्लेख ठेवा, ती नागअळी, तिचा या पिवळेपणाशी संबंध नाही, पण काकांनी फोटोत रेषा पाहिल्या तर औषध तिचंच सांगतील. तुम्ही आधीच सांगितलंत म्हणजे ते वाट चुकणार नाहीत. फक्त एक भर घाला, पाणी कुठलं वापरता ते.

---

बेलापूरचा_बाब्या | 12 सप्टेंबर, रात्री 10:31

एवढा मोठा मेसेज कोण वाचतं. माझा अनुभव सांगतो, दोन ओळी झाल्या की माणूस फोनच खाली ठेवतो.

---

केतकी_घोडबंदर | 13 सप्टेंबर, रात्री 8:15

बाब्यादादा, वाचला! उलट फोन आला, फोन! आधी कधीच केला नव्हता त्यांनी. म्हणाले "ताई, असं सांगितलंत तर मला बसून विचार करता येतो, नाहीतर दिवसाला पन्नास पिवळी झाडं येतात". पहिला प्रश्न त्यांचा, "थाळी काढलीत का?" मी म्हटलं खालच्या काकू. म्हणाले थाळी ठेवा पण आत दोन विटांचे तुकडे टाकून कुंडी त्यावर ठेवा, बूड पाण्याला लागता कामा नये, आणि पाणी जमलं की अर्ध्या तासात ओतून टाका.

मग म्हणाले, "गोळा फोडला नाहीत हे मात्र माझंही चुकलं, नेताना सांगायला हवं होतं". आता मुळं बघा म्हणाले, पावसाची उघडीप बघून संध्याकाळी, भर उन्हात नको. पाण्याबद्दल मी बोअरचं मिक्स येतं सांगितलं तर म्हणाले ते नंतर बघू, आधी मूळ.

नंदूदादा, बी पासून केलेल्याला चार वर्षं म्हणजे काही उशीर नाही, धीर धरा असं सांगितलंय त्यांनी.

---

केतकी_घोडबंदर | 14 सप्टेंबर, रात्री 9:30

काढलं. नवऱ्याने कुंडी आडवी धरली, मी बुंध्याला धरून ओढलं. बाहेरचं कोकोपीट भुरभुर खाली पडलं आणि आत तो गोळा, अक्षरशः विटेसारखा, पिशवीचा आकार अजून तसाच. काळपट लाल चिकट माती, बोटाने दाबली तर ठसा उमटतो. वरच्या बाजूला पांढरी बारीक मुळं होती, ती छान वाटली. पण बुडाचा साधारण एक तृतीयांश भाग, त्याला गटारासारखा वास. तिथली मुळं तपकिरी आणि चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी राहतं. मी ते बघून पाच मिनिटं गप्पच बसले.

कुजलेली मुळं धारदार कात्रीने कापली, दर वेळी कात्री डेटॉलमध्ये बुडवून. गोळा पाण्याखाली धरून सगळी माती धुऊ नका, जुनी निरोगी मुळं तुटतात, असं काकांनी बजावलं होतं, म्हणून चॉपस्टिकने कडेने उकरत साधारण एक-तृतीयांश माती काढली आणि तळ मोकळा केला. नवीन मिश्रण त्यांनी सांगितलं ते: दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत चांगलं कुजलेलं, एक भाग भाताचं तूस. कोकोपीट नको म्हणाले पावसात. तूस इकडे मिळेना, मग जाड रेती टाकली त्याऐवजी, बघू.

शेवटचं उरलेलं लिंबू तोडायला सांगितलं. ते तोडताना मात्र जीव तुटला.

---

वनमाला_नेरूळ | 14 सप्टेंबर, रात्री 10:02

साल मोज्यासारखी निघणं ही कुजल्याचीच खूण. आता पंधरा-वीस दिवस कसलंही खत नको, ते गांडूळखतसुद्धा नको. मूळ कमी झालंय, त्यामुळे शेंड्याची कोवळी फूट चिमटीने खुडा म्हणजे वरची मागणी कमी होईल. आठ-दहा दिवस उजेडात पण कडक उन्हात नको.

तुमच्या रेतीबद्दल एकच, बारीक बांधकामाची रेती असेल तर ती मातीशी घट्ट बसते, उलटंच होतं. जाडी किती होती?

---

केतकी_घोडबंदर | 14 सप्टेंबर, रात्री 10:09

बाजरीच्या दाण्याएवढी, थोडी जाड. चालेल का?

---

वनमाला_नेरूळ | 14 सप्टेंबर, रात्री 10:14

चालेल. कुंडी भरून पाणी घाला आणि घड्याळ लावा, दोन मिनिटांत खालून निथळायला सुरुवात झाली पाहिजे.

---

प्रज्ञा_ऐरोली | 15 सप्टेंबर, सकाळी 8:40

वाचून मी माझी जास्वंद बाहेर काढली, मुळं पांढरी आहेत, म्हणजे माझं नक्की कापसाचंच, साबणाचं पाणी मारतेय आता.

---

केतकी_घोडबंदर | 7 ऑक्टोबर, रात्री 9:05

अपडेट. पहिले दहा दिवस काही नाही, आणखी पाच पानं गळली, मी तर आशा सोडली होती. मग 28-29 तारखेला बुंध्याजवळून दोन फुटवे आले. त्यातल्या एकाची पानं पूर्ण हिरवी आहेत, दुसऱ्याची किंचित फिकट. आधीची पिवळी पानं तशीच पिवळी, ती परत हिरवी झाली नाहीत. दुपारी लोंबणं मात्र बंद.

व्हिनेगरचं पण करून बघितलं, कुंडीच्या कडेच्या पांढऱ्या सायीवर थेंब टाकले, बुडबुडे आले. म्हणजे चुनखडी आहेच. आता दुसरा फुटवा फिकट आहे तो पाण्यामुळे, का मुळं अजून पुरती आली नाहीत म्हणून, हे मला काही ठरवता येईना. काकांना परत मेसेज केला, तारखा आणि फोटो लावून, ते म्हणतात अजून पंधरा दिवस थांबा, कलम जिवंत आहे.

---

वनमाला_नेरूळ | 7 ऑक्टोबर, रात्री 9:40

मीही तेच म्हणेन. थांबायच्या या पंधरा दिवसांत चिलेटेड लोहाची फवारणी फक्त फिकट फुटव्यावर करून बघा. दुसऱ्यावर नको, तुलना करता येईल. दोन्ही फुटवे नेमके कुठून आले आहेत? कलमाच्या जोडाच्या वरून का खालून? खालून असतील तर ते तुमचं कागदी लिंबू नाही, ज्या दुसऱ्या रोपावर कलम बांधलंय त्या खुंटाचा फुटवा आहे, काट्यांवरूनही अंदाज येतो.

---

केतकी_घोडबंदर | 7 ऑक्टोबर, रात्री 9:52

अरे देवा, हे बघितलंच नाही. एक जोडाच्या बरंच वरून आहे आणि एक, थांबा, टॉर्च घेऊन आले… एक जोडाच्या दोन बोटं खाली. आणि हिरवागार तोच आहे.

---

टेरेसवाला_ढोकाळी | 7 ऑक्टोबर, रात्री 10:01

म्हणजे जे छान वाढतंय तेच कापायचं? गंमतच आहे.

---

वनमाला_नेरूळ | 7 ऑक्टोबर, रात्री 10:12

कापायचं, पण आत्ता नाही. मूळ अशक्त आहे, तो फुटवा तरी मुळाला अन्न देतोय. वरचा फुटवा वीतभर होऊ दे, मग खालचा मुळाशी साफ कापा. काकांना विचारा कलम जोडाचं आहे की गुटीचं, गुटी म्हणजे कागदीच्याच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, तसं असेल तर हा प्रश्नच उरत नाही, सगळं कागदीच.

---

केतकी_घोडबंदर | 8 ऑक्टोबर, सकाळी 8:20

पाठवला मेसेज, या वेळी फक्त एक ओळ आणि जोडाचा जवळून काढलेला फोटो. अजून बघितला नाहीये त्यांनी, दोन टिक आहेत, निळ्या नाहीत.